रूटवाली सिरीज, लिमिट आली शून्य, आणि मग सगळा घोळ

गेल्या जुलैत एका रात्री चिपळूणहून भाचीचा फोटो आला व्हॉट्सअ‍ॅपवर, वहीचं पान, कोपऱ्यात मेणबत्तीचा उजेड, म्हणजे तिकडे लाइट गेलेलीच होती. इकडे रत्नागिरीत पण वेगळं काही नव्हतं, पाऊस पत्र्यावर असा बडवत होता की फोनवर बोलून उपयोग नव्हता म्हणून टाइप करत बसलो. ती एस.वाय.बी.एस्सी.ला, मॅथ्स घेतलेलं. गणित होतं हे:

a_n = (√(n² + 3) − n) / √n

ही सिरीज कन्व्हर्ज होते का डायव्हर्ज, सांगा. तिने लिहिलेलं, वर n ची पॉवर 1, खाली 1/2, वजा केलं की n^(1/2), म्हणून b_n = √n घेतलं, Σ√n तर उघडच डायव्हर्ज, मग a_n / b_n ची लिमिट काढली ती आली शून्य, आणि खाली झोकात लिहिलं "म्हणून Σ a_n डायव्हर्ज". त्यावर लाल फुली. "मामा, तू सांगितलं होतंस तसंच केलं ना मी, मग चुकलं कुठे?"

चूक एक नाही, दोन आहेत. पण दोन्ही अशा आहेत की माझ्या ट्यूशनला दरवर्षी निम्मी पोरं तिथेच जाऊन पडतात, म्हणून ते सगळं नीट एका ठिकाणी लिहून ठेवतोय. रेशो टेस्ट, इंटिग्रल टेस्ट वगैरे इथे नाही, फक्त लिमिट कंपॅरिझन टेस्ट, आणि त्यातही खरी मेख म्हणजे तुलनेसाठी साधी सिरीज निवडायची कशी.

आधी टेस्ट काय म्हणते ते बघू. दोन सिरीज घ्या, Σ a_n आणि Σ b_n, दोन्हीच्या टर्म पॉझिटिव्ह, निदान एका ठिकाणानंतर तरी. a_n / b_n ची लिमिट L काढा. L जर शून्यापेक्षा मोठी आणि साधी सुधी संख्या आली, म्हणजे इन्फिनिटी नाही, तर दोन्ही सिरीजचं नशीब एकच, एक कन्व्हर्ज तर दुसरी कन्व्हर्ज, एक डायव्हर्ज तर दुसरी पण. का ते एकदा समजून घ्या म्हणजे पाठ करावं लागत नाही. समजा L = 2 आली. म्हणजे n पुरेसा मोठा झाला की a_n / b_n हा 1 आणि 3 च्या मध्येच राहणार, म्हणजे b_n < a_n < 3b_n. मग झालंच की, a_n ही b_n पेक्षा मोठी पण तिच्या तिपटीपेक्षा लहान, दोन्हीकडून अडकली. सुरुवातीच्या शंभर दोनशे टर्मनी काय गोंधळ घातला त्याने फरक पडत नाही, त्यांची बेरीज शेवटी एक ठरावीक संख्याच.

तुलनेला आपण जवळजवळ नेहमी पी-सिरीज घेतो, Σ 1/n^p, p एकापेक्षा मोठा तर कन्व्हर्ज, एक किंवा कमी तर डायव्हर्ज. b_n अशीच हवी की जिचं उत्तर आपल्याला आधीपासून माहीत आहे. हे सांगायला लागू नये खरं तर, पण मी पेपरात बघितलंय, पोरं b_n म्हणून अशी काहीतरी सिरीज घेतात की जिचं उत्तर काढायला अजून एक टेस्ट लागेल.

आता निवड. साधी केस आधी, जिथे भाचीची पद्धत बरोबर चालते:

a_n = (2n² − n + 7) / √(n⁷ + 3n² + 1)

n मोठा झाला की वर 2n² सोडून बाकीच्यांना कोणी विचारत नाही. n = 1000 धरा, 2n² म्हणजे वीस लाख, आणि −n म्हणजे फक्त हजार, सात तर कुठे दिसतच नाही. खाली रूटच्या आत n⁷ राजा, पण तो रूटच्या आत आहे म्हणून बाहेर येताना त्याची पॉवर अर्धी होते, 7/2. इथे घाईत सात लिहिणारे कमी नाहीत, रूट असेल तर भागिले दोन, क्यूब रूट असेल तर भागिले तीन, हे पेन्सिलने बाजूला लिहूनच ठेवा. मग 2 − 7/2 = −3/2, म्हणून b_n = 1/n^(3/2). वरचा 2 हा आकडा b_n मध्ये घ्यायची गरज नाही, तो आपोआप लिमिटमध्ये येतो. आता b_n ने भागायचं म्हणजे n^(3/2) ने गुणायचं, मग अंशछेद दोन्हीला n^(7/2) ने भागलं की उरतं

(2 − 1/n + 7/n²) / √(1 + 3/n⁵ + 1/n⁷) → 2

लिमिट 2, p = 3/2 एकापेक्षा मोठा, कन्व्हर्ज. संपलं.

एखादा म्हणेल की मग साधी डायरेक्ट कंपॅरिझन का नाही, छोटी-मोठी दाखवून मोकळे व्हा. 1/(n² − 5) घ्या, n = 3 पासून. मनाला कळतंय की ही 1/n² सारखीच वागणार, पण छेद लहान झाल्यामुळे ती 1/n² पेक्षा मोठी आहे, आणि कन्व्हर्ज होणाऱ्या सिरीजपेक्षा मोठी असणं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. मग 2/n² घ्या, n चार किंवा जास्त असताना ती मोठी आहे हे दाखवा, अशी कसरत. लिमिट कंपॅरिझनमध्ये n²/(n² − 5) → 1, एका ओळीत काम झालं. मोठी की छोटी हे बघावंच लागत नाही, हाच तिचा सगळ्यात मोठा फायदा. फक्त n = 3 पासून का सुरू केलं ते लक्षात घ्या, n = 1 आणि 2 ला टर्म निगेटिव्ह येतात, आणि टेस्टला पॉझिटिव्ह टर्म लागतात.

हं, आता भाचीचं गणित. हिचं वरचं √(n² + 3) − n बघा. यात दोन राजे आहेत, दोघांची पॉवर सेम 1, दोघांपुढचा आकडा पण सेम, आणि मध्ये वजाबाकी. म्हणजे दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि जे उरतं ते फारच बारीक असतं.

सीझनला हापूसच्या पेट्या भरलेली पिकअप वजनकाट्यावर घालतात ना, समजा भरलेल्या गाडीचं वजन घेतलं, मग ड्रायव्हर बिडी ओढायला खाली उतरला आणि परत वजन घेतलं. दोन्ही वजनं टनात. पण त्यांच्यातला फरक हा टनात नसतो, तो ड्रायव्हरच्या वजनाइतकाच. "दोन्ही आकडे टनातले म्हणजे फरक पण टनातला" असं कोणी म्हणालं तर काट्यावरचा माणूस हसेल. भाचीने नेमकं तेच केलं, दोन्ही n च्या आकाराचे म्हणून वजाबाकी पण n च्या आकाराची धरली.

तर नियम असा, रूटची वजाबाकी दिसली की पॉवर मोजायच्या आधी थांबायचं आणि वरचे दोन राजे एकमेकांना मारतायत का ते बघायचं. मारत नसतील तर, म्हणजे √(4n² + 3) − n असं असेल तर, 2n − n = n उरतो, काही प्रॉब्लेम नाही, नेहमीसारखं पुढे जा. मारत असतील तर कॉन्जुगेटने गुणायचं, म्हणजे मधली खूण बदलून प्लस केलेल्या जोडीने वर-खाली गुणायचं:

√(n² + 3) − n = (n² + 3 − n²) / (√(n² + 3) + n) = 3 / (√(n² + 3) + n)

आता वजाबाकी गेली, खाली बेरीज आली, आणि बेरजेत कोणी कोणाला मारत नाही. खालचं साधारण n + n = 2n, म्हणजे वरचा सगळा भाग 3/(2n) सारखा. दिसत होता n च्या आकाराचा, निघाला 1/n च्या आकाराचा, दोन घरं खाली. त्याला अजून √n ने भागायचंय, म्हणून a_n ही 3/(2n^(3/2)) सारखी, आणि b_n = 1/n^(3/2). लिमिट नीट लिहायची तर

a_n / b_n = 3n / (√(n² + 3) + n) = 3 / (√(1 + 3/n²) + 1) → 3/2

p = 3/2, कन्व्हर्ज. भाचीचं उत्तर बरोबर उलटं होतं.

खात्री करायची असेल तर एक आकडा घालून बघायची मला सवय आहे. n = 100 ला √10003 म्हणजे 100.0149989, शंभर वजा, दहाने भागा, 0.00149989 येतं. आणि 3/(2·1000) = 0.0015. जुळलं.

पण हे आकडा घालून बघणं जपून करायचं हं. गेल्या वर्षी एका पोराने लॅपटॉपवर n खूप मोठा घातला आणि म्हणाला सर टर्म तर शून्यच येते. त्याने हे केलं होतं:

```
from math import sqrt
n = 10**9
print(sqrt(n*n + 3) - n)      # 0.0
print(3/(sqrt(n*n + 3) + n))  # 1.5e-09
```

कॉम्प्युटर अशा संख्येचे पंधरा-सोळा अंकच धरून ठेवतो, n² + 3 मध्ये n² हाच एकोणीस अंकी, त्यामुळे तो 3 गळूनच जातो. परत तीच पिकअपची गोष्ट, काटा दहा-दहा किलोने सरकत असेल तर पेटीतला एक आंबा काढला तरी काट्याला कळणार नाही. दुसऱ्या ओळीत वजाबाकीच नाही म्हणून उत्तर बरोबर येतं. आणि टर्मची बेरीज करत जाऊन सिरीज कुठे थांबते ते बघू म्हणाल तर तेही नको, Σ 1/n च्या पहिल्या एक लाख टर्मची बेरीज जेमतेम 12.09 आणि एक कोटी टर्मची 16.70 च्या आसपास, बघणाऱ्याला वाटेल आता थांबली, आणि ती तर डायव्हर्ज.

आता तिची दुसरी चूक, जी मला जास्त महत्त्वाची वाटते कारण तिथेच तिला कळायला हवं होतं की निवड चुकली. लिमिट शून्य आली. शून्य म्हणजे काय, तर a_n ही b_n च्या मानाने फारच छोटी आहे. b_n कन्व्हर्ज असती तर बरं झालं असतं, मोठी कन्व्हर्ज म्हणजे छोटी कन्व्हर्ज. पण तिची b_n डायव्हर्ज होती. रेल्वेच्या पुलाखालच्या मोरीतून ट्रक निघाला तर रिक्षा निघणारच, पण ट्रक अडकला म्हणून रिक्षा पण अडकली असं कोण म्हणेल? शून्य + डायव्हर्ज म्हणजे टेस्ट गप्प. उलटीकडे लिमिट इन्फिनिटी आली आणि b_n डायव्हर्ज असेल तर a_n डायव्हर्ज, कारण रिक्षाच अडकली तर ट्रकचं विचारायलाच नको, पण इन्फिनिटी + कन्व्हर्ज म्हणजे परत टेस्ट गप्प.

रॅशनल आणि रूटवाल्या टर्ममध्ये, जिथे पॉवर ठरावीक आहेत, तिथे मी पोरांना सरळ सांगतो की शून्य किंवा इन्फिनिटी आली म्हणजे उत्तर मिळालं असं समजू नका, पॉवर चुकली असं समजा आणि मागे जा. कारण बरोबर पॉवर घेतली तर अशा टर्मला लिमिट शून्य नसलेली संख्या यायलाच पाहिजे. आणि लिमिट कुठल्या बाजूला चुकली ते पण सांगते, शून्य आली म्हणजे खरी टर्म तुम्ही धरली त्यापेक्षा लहान, म्हणजे पॉवर अजून खाली उतरवा. भाचीच्या केसमध्ये n^(1/2) वरून n^(−3/2) पर्यंत उतरायचं होतं. अजून एक, तिने a_n / b_n ची शून्य लिमिट आणि a_n ची स्वतःची लिमिट यांची मनात सरमिसळ केली असावी. टर्म शून्याकडे जात नसेल तर डायव्हर्ज, हा वेगळा नियम, त्याचा इथे संबंध नाही. वहीत दोन्हीला नुसतं "लिम" लिहिलं की असं होतं, कशाची लिमिट ते पूर्ण लिहा.

क्यूब रूट असेल तर कॉन्जुगेट वेगळा लागतो. ∛(n³ + 5) − n ला A − n म्हणा, A म्हणजे ते क्यूब रूट. इथे A + n ने गुणून रूट जात नाही, A³ − n³ तयार करायला A² + An + n² ने गुणावं लागतं. मग वर 5, खाली साधारण 3n², म्हणजे टर्म 5/(3n²) सारखी, कन्व्हर्ज. गंमत बघा, √(n² + 3) − n एकटं घेतलं तर 3/(2n) सारखं म्हणून डायव्हर्ज, आणि दिसायला तसंच असलेलं ∛(n³ + 5) − n मात्र कन्व्हर्ज. नुसतं बघून सांगणाऱ्यांसाठीच परीक्षेत हे दोन्ही शेजारी-शेजारी देतात.

एक सापळा मात्र असा आहे की त्यात हुशार पोरं जास्त अडकतात:

a_n = 1 / (n · ⁿ√n)

म्हणजे छेदात n^(1 + 1/n). पॉवर तर एकापेक्षा मोठी दिसते प्रत्येक टर्मला, मग p > 1, कन्व्हर्ज, बरोबर? चूक. पी-सिरीजमधला p हा ठरावीक असावा लागतो, इथे तो n बरोबर सरकत सरकत 1 कडे चाललाय. b_n = 1/n घ्या, मग a_n / b_n = 1/ⁿ√n, आणि ⁿ√n → 1 हे आपल्याला माहीत आहे, म्हणून लिमिट 1, डायव्हर्ज.

पॉझिटिव्ह टर्मचा आग्रह का, हे पण एकदाच बघून घ्या, कारण अट लिहायची म्हणून लिहितात आणि विसरतात. a_n = (−1)ⁿ/√n आणि b_n = (−1)ⁿ/√n + 1/n. b_n / a_n = 1 + (−1)ⁿ/√n, लिमिट 1. टेस्टप्रमाणे दोघींचं नशीब एक असायला हवं, पण पहिली कन्व्हर्ज होते, आणि दुसरी म्हणजे एक कन्व्हर्ज अधिक Σ 1/n, म्हणून डायव्हर्ज. वरच्या b_n < a_n < 3b_n वाल्या युक्तिवादात टर्म निगेटिव्ह झाली की असमानता उलटते, सगळं तिथेच ढासळतं.

पेपरात लिहिताना चार गोष्टी दिसल्या पाहिजेत, a_n पॉझिटिव्ह आहे हे एक वाक्य, b_n कोणती घेतली, a_n / b_n ची लिमिट पायऱ्यांसकट, आणि b_n चा p किती म्हणून ती काय करते. राजा शोधायचं काम, ड्रायव्हर, पिकअप हे सगळं कच्चं, बाजूच्या पानावर. "n मोठा असताना हे साधारण एवढं" असं लिहून थेट उत्तर दिलंत तर मार्क जातात, कारण ते निवडीचं कारण झालं, सिद्धता नाही.

एवढं सगळं टाइप करून पाठवेपर्यंत साडेअकरा झाले असतील. मग मी तिला अजून एक दिलं, तेच गणित पण खाली √n ऐवजी n^p:

(√(n² + 3) − n) / n^p

कुठल्या p साठी कन्व्हर्ज? दहा मिनिटांत फोटो आला, टर्म 3/(2n^(p+1)) सारखी, b_n = 1/n^(p+1), लिमिट 3/2, p + 1 > 1, म्हणजे p > 0, आणि p = 0 ला Σ 1/n शी तुलना म्हणून डायव्हर्ज, हे पण वेगळं लिहिलेलं. मी म्हटलं आता रूटमधल्या 3 च्या जागी n घाल. "त्याने काय होणार मामा, n² च्या पुढे n म्हणजे किरकोळच की." किरकोळच, पण n² आधीच मेलाय, आता उरलेल्याचंच राज्य आहे. थोड्या वेळाने तिने परत पाठवलं:

√(n² + n) − n = n / (√(n² + n) + n) → 1/2

म्हणजे वरचा भाग आता 1/n सारखा लहान होतच नाही, अर्ध्यावर जाऊन थांबतो, म्हणून b_n = 1/n^p, लिमिट 1/2, आणि उत्तर p > 0 वरून p > 1 वर गेलं. खाली तिने लिहिलं होतं, "ड्रायव्हर जाडा निघाला." मग तिकडे लाइट आली आणि ती झोपायला गेली.